पहिल्या पाच सेकंदांचे मास्तर

आमच्या ऑफिसात मास्तरांच्या शेजारची खुर्ची कोणी मागून घेत नाही. मीही मागितली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा चालू असलेला प्लग तेवढा तिथेच होता, म्हणून बसले, आणि मग उठायचं राहून गेलं. मी एडिटर आहे. बाहेरून जे चित्रण येतं ते कापायचं, जोडायचं, त्यावर आवाज बसवायचा, हे माझं काम. मास्तर जाहिराती लिहितात. ते लिहितात, मी कापते, आणि कापून झालं की ते चष्म्यावरून बघत म्हणतात, "कात्री, अजून अर्धा सेकंद जास्त आहे." कात्री हे नाव त्यांनीच पाडलं. माझं खरं नाव आता पगाराच्या कागदावरच उरलंय.

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच असतं, शर्यती लावणाऱ्या मास्तरांसारखं, म्हणून ते मास्तर. लिहिलेली ओळ हा माणूस मनातल्या मनात वाचूच शकत नाही. अंगठा घड्याळावर ठेवायचा, ओळ तोंडाने म्हणायची, अंगठा दाबायचा, आकडा बघायचा, एक शब्द खोडायचा, पुन्हा म्हणायची. एकच ओळ चाळीस वेळा. एकदा फरशी पुसायच्या औषधाची ओळ मी तीन दिवस अशी ऐकली आणि चौथ्या दिवशी घरी नवऱ्याला तीच म्हणून दाखवली. तो म्हणाला, रजा घे. रजा कुठली मिळायला.

त्यांचा एकच नियम होता आणि तो ते नवीन आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. सांगायचं ते पहिल्या पाच सेकंदांत सांगा. व्हिडिओच्या आधी जाहिरात लागते, पाच सेकंद झाले की कोपऱ्यात पुढे जायचं बटण येतं, आणि लोकांचा अंगठा त्याआधीच तिथे येऊन थांबलेला असतो. "पाच सेकंद त्यांनी आपल्याला नाइलाजाने दिलेत," मास्तर म्हणायचे. "दारात उभं राहून बोलायचंय. आत या म्हणणार नाहीत." पाच सेकंदांत बोलून होतात दहा शब्द. बारा कोंबता येतात, पण मग ऐकणाऱ्याच्या कानावरून जातात. म्हणून दहा. तीस वर्षं, आधी रेडिओवर आणि मग इथे, हा माणूस दहा शब्दांच्या डबीत संसार बसवत आला होता.

त्याचा परिणाम माणसावर होतोच. मास्तर बोलायचेही तसेच. बायको माहेरी गेली तर "ही नाही, डबा नाही." सर्दी झाली तर "नाक बंद, आज लिहितो फक्त." सुरुवातीला मला मजा वाटायची. नंतर राग यायला लागला. शेजारी आठ तास बसणाऱ्या माणसाने कधीतरी फुकटचं बोलावं की नाही. आता राग येत नाही. आता मीच घरी तसं बोलते.

तर या मास्तरांकडे वसंताच्या शेवटी जल विभागाचं काम आलं. काम आणलं त्या विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने. मास्तरांनी त्यांना पाठीमागे पाणीसाहेब म्हणायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत सगळं ऑफिस म्हणायला लागलं. पाणीसाहेबांचं पत्र मी वाचलंय. त्यात लिहिलं होतं, 'पंधरा सेकंदांची, न टाळता येणारी बंपर जाहिरात करून द्यावी, जिच्यात स्किपचे बटण येण्यापूर्वी संदेश पोचेल.'

मास्तरांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ डोळे चोळले. मग पाणीसाहेबांना समोर बसवून सांगितलं, "साहेब, ह्या तीन वेगळ्या जाहिराती आहेत. बंपर म्हणजे सहा सेकंद, ती टाळता येत नाही. पंधरा सेकंदांची टाळता न येणारीही असते, पण तिच्यात बटण येतच नाही, मग आधी आणि नंतर कुठलं? आणि बटणवाली ती तिसरी. तिच्यात पाच सेकंद झाले की लोक मोकळे."

"आम्हाला प्रशिक्षणात तिन्ही सांगितल्या होत्या," पाणीसाहेब म्हणाले. "म्हणून तिन्ही लिहिल्या."

"हवी कुठली?"

"पंधरा सेकंदांची. न टाळता येणारी. लोकांनी सगळी बघितलीच पाहिजे."

काम साधं होतं आणि साधं नव्हतं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजतो. इतकी वर्षं एकच लांब भोंगा वाजायचा, आणि नदीकाठच्या गिरणीचा पाळी बदलायचा भोंगाही तसाच. गेल्या वर्षी लोक फसले. गिरणीच सुटली असेल म्हणून पात्रात काम करत राहिले आणि पाणी आलं. दोघं वाहून गेले, बाकीचे कसेबसे निघाले. म्हणून यंदापासून तीन भोंगे. हे नदीकाठच्या प्रत्येक फोनवर दाखवायचं, शुक्रवारी सकाळी दहाला दरवाजे उघडायच्या आत.

त्या निघालेल्यांत मास्तरांचा धाकटा भाऊ होता. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही दहा शब्दांत. धाकट्याची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तो धुतो आणि नदीच्या कोरड्या पात्रात, तापलेल्या खडकांवर वाळत घालतो. गेल्या वर्षी भोंगा झाल्यावर लोक ओरडायला लागले तेव्हा तो काठावर आलाही होता. मग साठ चादरींसाठी परत उतरला. एका खडकावर चढून बसला आणि चार तासांनी दोर टाकून त्याला काढला. चादरी गेल्याच.

"मग सांगा ना त्यांना तुम्ही," मी म्हटलं. "तीन भोंगे म्हणावं, आणि चादरी मरू देत."

"फोन उचलत नाही."

"त्यांच्या बायकोला सांगा."

"सांगितलं. तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला भोंगा कळतो, मला कोणी शिकवू नका."

हे वैर दोन वर्षांचं होतं. त्यांची आई मास्तरांकडे असायची. पहाटे ती गेली आणि मास्तरांनी धाकट्याला फोनवर संदेश पाठवला. 'आई गेली. अकराला नेणार. ये.' बस, एवढंच. धाकटा आला, सगळं पार पडलं, आणि जाताना दारात म्हणाला, "मी काय तुझं गिऱ्हाईक आहे का? आईचं मरण असं कळवतात?" तेव्हापासून बंद. मास्तरांना त्यात आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. महत्त्वाचं आधी, वेळ नंतर, काय करायचं ते शेवटी. त्यांच्या हिशेबी तो संदेश बरोबर होता. काही माणसं इतकी बरोबर असतात की त्यांना धरून हलवावंसं वाटतं.

"पण तो इस्त्री करताना फोनवर व्हिडिओ लावतो," मास्तर म्हणाले. "कुस्त्या. दिवसभर. जाहिरात आली की अंगठा तयार. लहानपणीही माझं तेवढंच ऐकायचा. पाच सेकंद."

म्हणजे जाहिरात सगळ्या नदीकाठासाठी होती आणि ती ते एका माणसासाठी लिहीत होते. तीन दिवस मी माझ्या कानाने ती घडताना ऐकली. शेवटी उरलं ते असं. 'तीन भोंगे वाजले की नदीतून वर या. सामान तिथेच सोडा.' दहा शब्द, चार सेकंद आणि वर थोडं. तेच शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावरही, कारण निम्मे लोक आवाज बंद ठेवून बघतात. मग उरलेल्या सेकंदांत कोरड्या पात्राचं चित्र आणि खरे तीन भोंगे, ऐकून ओळखता यावेत म्हणून. भोंगे आधी का नाहीत असं मी विचारलं. ते म्हणाले, "एक भोंगा अडीच सेकंद खातो. दोन भोंगे होईपर्यंत अंगठा पडलेला असतो."

"पण ही न टाळता येणारी आहे, मास्तर. अंगठा काय करणार?"

"माहितीये," ते म्हणाले. "तरी."

आमच्याकडे काम असं चालतं. लिहून झालं की लिहिणाराच आपल्या फोनमध्ये ओळी रेकॉर्ड करून मला देतो, तो कच्चा आवाज मी चित्राखाली टाकते, म्हणजे कापायला माप मिळतं. मान्यता आली की आवाजाच्या धंद्यातला माणूस बोलावतात, तो तेच सुंदर आवाजात म्हणतो आणि कच्चा आवाज पुसला जातो. मास्तरांचा आवाज असा मी शेकडो वेळा पुसलाय. जाडसर, थकलेला, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा आवाज. बाहेरच्या कोणी तो कधी ऐकला नाही.

पाणीसाहेब ती कच्ची फिल्म बघायला आले. बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मोठ्या साहेबांचा फोटो कुठे आहे?"

मोठे साहेब म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. त्यांचा हसरा फोटो, विभागाचं चिन्ह आणि 'जल विभाग, सदैव आपल्या सेवेत' ही ओळ सुरुवातीला हवी होती. पाच सेकंद.

"शेवटी घेऊ," मास्तर म्हणाले.

"शेवटी कोण बघतं?"

"मग लोकांना सांगायचं तेही शेवटी कोण बघेल?"

"ही टाळता येत नाही ना? तुम्हीच सांगितलंत. मग लोक बसून बघतीलच. आधी साहेब, मग भोंगा. घाई कसली?" पाणीसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वरून कोणीतरी विचारणार होतं आणि त्यांनाही घरी जायचं होतं. "आणि ते 'सामान तिथेच सोडा' काढा. उद्या लोक म्हणतील, तुम्ही सांगितलंत म्हणून सोडलं, आता भरपाई द्या."

त्या एका ओळीवर मास्तर अडून बसले. दीड तास. चहा दोनदा आला आणि दोनदा गार झाला. आमचे मालक मध्ये येऊन गेले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की सरकारी काम आहे, जरा सांभाळून घ्या. शेवटी तडजोड झाली. सामानाची ओळ राहील. मोठे साहेब पुढे येतील.

मला वाटलं होतं मास्तर उठून जातील. ते नुसते "बरं" म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पहिले पाच सेकंद दुसऱ्याला दिले, आणि त्यांच्याजवळ कारण होतं, युक्तिवाद बरोबर होता, बटण येणारच नव्हतं. पण मी शेजारी बसत होते. ते युक्तिवादाने हरले नव्हते, दमले होते.

सोमवारी आवाजवाला येऊन नवी फिल्म बोलून गेला. मंगळवारी मान्यता आली. बुधवारी सकाळपासून जाहिरात लागली.

बुधवारी दुपारी जेवताना मी फोनवर कुठलासा व्हिडिओ लावला. जाहिरात नदीच्या ज्या पट्ट्यात लागली होती त्यातच मी राहते, आणि आमचं ऑफिसही त्यातच येतं. व्हिडिओआधी मोठे साहेब हसत आले. जल विभाग, सदैव आपल्या सेवेत. आणि खाली कोपऱ्यात बटण उगवलं.

घास तोंडात तसाच राहिला. पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं बघतेय. दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. तिसऱ्याला पुन्हा साहेब, पुन्हा पाच सेकंद, पुन्हा बटण.

जाहिराती लावायचं काम आमच्या मीडियावाल्या बाईंचं. त्यांना दोन लहान मुलं आहेत आणि त्या आठवड्यात दोघांना ताप होता. पंधरा सेकंदांची तीच फिल्म टाळता येणाऱ्या प्रकारात घाला किंवा न येणाऱ्या, यंत्र काही विचारत नाही. ते ठरतं मोहीम बनवताना निवडलेल्या एका पर्यायावर. बाईंनी आधीच्या साबणाच्या मोहिमेची नक्कल काढून त्यात नवी फिल्म घातली होती, वेळ वाचावा म्हणून. साबणाची मोहीम बटणवाली होती. मी अशा नकला रोज काढते, सगळे काढतात. त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलली नाही.

त्यांनी आकडे उघडले आणि मास्तर, त्या आणि मी असे तिघं त्या पडद्यासमोर उभे राहिलो. पाव फिल्मपर्यंत जवळजवळ सगळे होते. निम्म्यापर्यंत शंभरातले एकोणीस. म्हणजे सकाळपासून नदीकाठच्या हजारो लोकांना मोठे साहेब नीट दिसले होते आणि भोंग्यांचं त्यांतल्या पाचातल्या एकालाही धड कळलं नव्हतं.

"प्रकार बदला ना," मी म्हटलं.

"चालू मोहिमेचा बदलता येत नाही," बाई म्हणाल्या. "नवी बनवावी लागेल. ती व्हिडिओवाल्या कंपनीच्या तपासणीला जाते. एक दिवस धरावा लागतो. कधी लवकर होतं, कधी नाही."

बुधवारचे अडीच वाजले होते. शुक्रवारी दहाला दरवाजे. पाणीसाहेबांना फोन लावला तर ते मोठ्या साहेबांबरोबर धरणावर, रेंज नाही. मालक विमानात.

मास्तर खाली बसले. गळ्यातलं घड्याळ त्यांनी मुठीत धरलं होतं. "नवी मोहीम करायचीच आहे," ते म्हणाले, "तर फिल्मही बदलू. पहिली घाला."

"मान्यता नसलेली?" बाई म्हणाल्या.

"हो. न टाळता येणाऱ्यात घाला. आणि तीच दुसरीकडे बटणवाल्यातही घाला, जी आधी पास होईल ती लागेल. हिला दोन्हीकडे चालतं."

"मास्तर," मी म्हटलं, "तिच्यावर तुमचा कच्चा आवाज आहे. आवाजवाल्याने नवी तेवढी बोललीय."

"त्याला बोलव."

बोलावला. तो दुसऱ्या गावी लग्नात होता. सुंदर आवाजात म्हणाला, शनिवारी येतो. त्याच्या नव्या फिल्मच्या आवाजातून तेच दहा शब्द उचलून बसवता येतील का ते मी बघितलं, तर त्याने ते संगीताबरोबर सावकाश, सात सेकंद लांबवून म्हटले होते, आणि आवाज संगीतापासून सुटा होत नव्हता. दाबून बसवलं तर उंदीर बोलल्यासारखं वाटत होतं. मास्तरांनी ते एकदा ऐकलं आणि मान हलवली.

"असू दे माझा," ते म्हणाले.

बाई हात बांधून उभ्या होत्या. चूक त्यांची, आणि आता आणखी एक मोठी त्यांच्याच हातून होणार होती. मास्तरांनी बसल्या बसल्या त्यांना ऑफिसच्या पत्त्यावर मेल लिहिली. मी वाचली. 'मान्यतेविना फिल्म मी लावायला सांगितली. जबाबदारी माझी एकट्याची.' मंजूर पैसे तेवढेच, म्हणून तीनला जुनी मोहीम बंद केली आणि नवीन दोन तपासणीला गेल्या. त्यानंतर कुठेच काहीच लागलेलं नव्हतं, ना साहेब ना भोंगे, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

गुरुवारी आम्ही दर पंधरा मिनिटांनी तो पडदा बघत होतो. तपासणी चालू आहे. तपासणी चालू आहे. साडेअकराला बटणवाली पास झाली. दुसरी दोनला. अडीचला मी व्हिडिओ लावला आणि माझ्या फोनमधून मास्तर बोलले. तीन भोंगे वाजले की नदीतून वर या. सामान तिथेच सोडा. तो थकलेला आवाज बाहेर ऐकताना मला कसंतरीच झालं, घरातल्या माणसाला रस्त्यात अनवाणी बघावं तसं. आवाजात जरब नव्हती, काळजी होती, आणि ती लपवायची विद्या त्यांना येत नव्हती कारण ते त्या धंद्यातले नव्हते.

पाणीसाहेबांचा फोन चारला आला. मास्तरांनी तो कानापासून जरा दूर धरून ऐकला. मोठ्या साहेबांनी नातेवाइकांना फोन करकरून जाहिरात बघायला सांगितली होती, आणि नातेवाइकांनी बघून विचारलं होतं की तू कुठे आहेस. मास्तर तीनदा "हो" म्हणाले आणि एकदा "नाही, चुकून नाही."

शुक्रवारी ते साडेनवाला येऊन बसले. काम होतं, केलं नाही. आमच्या खिडकीतून नदी दिसत नाही, भोंगेही ऐकू येत नाहीत. दहा वाजले. सव्वादहा. विचारण्यासारखं एकच होतं आणि ते दोघांना माहीत होतं. त्यांनी भावजयीला फोन लावला, ती उचलत नव्हती. साडेदहाला पुन्हा लावला. फोन पॅंटला पुसून ते पुन्हा हातात घेत होते. मला त्या क्षणी जल विभागाचा, त्या फोटोचा, नक्कल काढणाऱ्या आपल्या सगळ्यांचा मनापासून कंटाळा आला.

अकराला पाच कमी असताना फोन वाजला. भावजयीच्या नंबरवरून. मास्तर उभे राहिले. मला त्यांची बाजू तेवढी ऐकू येत होती.

"हां... वर आहे ना?... कोण?... दे."

मग ते नुसते ऐकत राहिले. मधे एकदा "हं" म्हणाले. तोंड भिंतीकडे होतं. पुन्हा एकदा "हं," आणि फोन टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले. मी पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"आला वर?" मी विचारलं.

"आला. पहिल्या भोंग्यालाच निघाला. एक्क्याऐंशी चादरी सोडून."

मला इतकं बरं वाटलं की मी दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तसलं काही नव्हतं. आजारी माणूस उठून बसावा तसे ते बसले होते.

"काय म्हणाला?"

जेवढं सांगितलं तेवढं मी इथे लिहिते. धाकटा काल दुपारी इस्त्री करत होता. कुस्ती लावलेली. मध्येच भावाचा आवाज आला. दोन वर्षांनी. त्याला आधी वाटलं फोन चुकून लागला. मग सामान तिथेच सोडा म्हणाला, आणि धाकट्याला कळलं की हे सगळ्यांना सांगतोय पण मला सांगतोय. बटण आलं होतं, अंगठाही तिथेच होता.

"त्याने दाबलं नाही," मास्तर म्हणाले. "म्हणाला, मी थांबलो. म्हटलं, आता बोलेल. इतक्या दिवसांनी तोंड उघडलंय तर पुढे काहीतरी बोलेल. भोंगे वाजले ते संपेपर्यंत थांबलो. मग पुन्हा आली तेव्हा पुन्हा थांबलो. काल संध्याकाळपर्यंत सहा वेळा बघितली म्हणतो. पुढे काही नव्हतंच रे, म्हणाला."

आपणच ती कापलेली. पाच सेकंदांच्या पुढे शब्द नकोत म्हणून मीच तिथे दगड आणि भोंगे लावले होते.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. आईचं सांगायचं होतं. ती रात्रभर त्याचं नाव घेत होती, ते. पहाटे पाणी मागितलं, ते. म्हणायला गेलो तर सुरुवात कुठून करू ते सुचेना. तो वाट बघत होता, मला ऐकू येत होतं वाट बघतोय ते." त्यांनी चष्मा काढला. "फोन त्यानेच ठेवला."

सोमवारी मालक परत आले. जल विभागाचं पत्र आलेलंच होतं. मास्तरांना काढलं नाही, इतक्या जुन्या माणसाला असं कोणी काढत नाही. थोडे दिवस घरी बसा, बोलावतो, असं म्हणाले. सगळ्यांना याचा अर्थ कळतो. मीडियावाल्या बाई बाथरूममध्ये जाऊन रडल्या आणि परत येऊन कामाला लागल्या.

मास्तर कप, चार पेनं आणि चप्पल पिशवीत भरत होते. मी म्हटलं, "घरी बसून काय करणार? धाकट्याकडे जा."

"जाऊन काय बोलू?"

"मास्तर, तीस वर्षं तुम्ही लोकांना काय बोलायचं ते सांगितलंत. आज मी सांगते. लांबलचक बोला. आधी चहा कसा झालाय ते बोला. चादरींचं विचारा. मधे विसरा, परत मागे जा. आईचं शेवटी येईल, आपोआप येईल. तो कुठे जात नाही."

त्यांनी पिशवीचे बंद बांधले. मग म्हणाले, "किती वेळ लागेल त्याला?"

मी म्हटलं, दिवस मोडेल. ते खाली बसले, खिशातून कागद काढला आणि पेन उघडलं, आणि बराच वेळ काहीच न लिहिता बसून राहिले. मग "जाऊन येतो त्याच्याकडे," म्हणाले आणि कागद माझ्या टेबलावर तसाच कोरा ठेवून गेले.